ओपनिंग रेंज ब्रेकआउट: पहिल्या अर्ध्या तासाची पट्टी आणि फसवे ब्रेकआउट ओळखण्याची पद्धत

राष्ट्रीय शेअर बाजारात नेहमीचे व्यवहार सकाळी ९:१५ वाजता सुरू होतात. ९:४५ पर्यंत एखाद्या शेअरने गाठलेला सर्वोच्च आणि सर्वांत खालचा भाव म्हणजे त्या दिवसाची ओपनिंग रेंज. भाव या पट्टीच्या वर गेला तर खरेदी आणि खाली गेला तर शॉर्ट, एवढीच ही पद्धत. पुढे खरेदीच्या बाजूचेच वर्णन केले आहे. मंदीच्या बाजूला तेच नियम उलटे लावावेत.

पट्टी आखणे सोपे आहे. पाच मिनिटांच्या चार्टवर ९:१५ ते ९:४० अशी वेळ दाखवणाऱ्या सहा कॅंडल घ्याव्यात आणि बंद भाव न धरता वातींसकट वरचे व खालचे टोक धरावे. ९:४५ अशी वेळ लिहिलेली सातवी कॅंडल घेऊ नये, कारण चार्टवर कॅंडलची सुरुवातीची वेळ दिसते. ठीक ९:४५ ला मार्केट वॉचमधील दिवसाचा उच्चांक आणि नीचांक पाहिला की आखणी लगेच पडताळता येते.

पट्टी किती रुंद आहे हेही तेव्हाच पाहावे. मागील १४ दिवसांत शेअर दिवसाकाठी सरासरी किती रुपये हलतो हे आदल्या रात्री काढून ठेवलेले असावे. अर्ध्या तासातच त्या सरासरीच्या साठ टक्क्यांहून अधिक हालचाल झाली असेल, तर मी तो शेअर त्या दिवसापुरता सोडून देतो. तेथे ब्रेकआउट खरा निघाला तरी भावाला पुढे जायला जागा फारशी उरत नाही.

खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि मला सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने घेतला. पट्टीच्या वरच्या रेषेपलीकडे दोन प्रकारच्या ऑर्डर साठलेल्या असतात: सकाळी शॉर्ट केलेल्यांचे स्टॉप लॉस आणि ब्रेकआउटची वाट पाहणाऱ्यांच्या ट्रिगर खरेदी. दोन्ही खरेदीच्याच ऑर्डर असल्यामुळे रेषेला भाव लागताच त्या एकापाठोपाठ जागृत होतात आणि भाव उसळतो. मोठ्या विक्रेत्याला मात्र आपला माल उतरवायला नेमकी हीच गर्दी हवी असते. या ऑर्डर संपल्यावर नवा खरेदीदार आला नाही, तर भाव काही मिनिटांत पट्टीत परततो. म्हणून ‘रेषेच्या पाच पैसे वर ट्रिगर लावून ठेवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला घातक वाटतो. तो पाळणारा माणूस स्वतःच त्या गर्दीचा भाग होतो.

पहिली चाळणी कॅंडलच्या बंद भावाची आहे. पाच मिनिटांची कॅंडल रेषेच्या वर बंद व्हायला हवी आणि तिचा बंद भाव तिच्या स्वतःच्या उंचीच्या वरच्या एक तृतीयांश भागात असावा. वर लांब वात सोडून रेषेजवळ बंद झालेली कॅंडल वरच्या भावाला विक्री झाल्याचे सांगते. कॅंडल बंद होईपर्यंत थांबल्यामुळे काही पैसे महाग खरेदी होते, परंतु फसव्या सौद्यांचा मोठा भाग इथेच गळतो.

दुसरी चाळणी व्हॉल्यूमची, आणि सर्वाधिक दिशाभूल इथे होते. ‘व्हॉल्यूम सरासरीच्या वर हवा’ असे सगळे सांगतात, पण कोणती सरासरी हे कोणी सांगत नाही. चार्टवरची नेहमीची रेघ मागील २० कॅंडलची असते. ९:५० च्या कॅंडलपर्यंत आल्यावर तिच्यात आजची पहिली चाळीस मिनिटे आणि कालचा शेवटचा तास भरलेला असतो, म्हणजे दिवसातील सर्वांत गजबजलेल्या दोन्ही वेळा. सकाळी ही रेघ कृत्रिमरीत्या उंच असते आणि चांगले ब्रेकआउटही तिच्याखाली दुबळे दिसतात. याउलट, केवळ मोठा आकडा पाहून निर्णय घेणारा माणूस ९:५० च्या नेहमीच्या गर्दीलाच नवी मागणी समजतो. त्यामुळे त्या कॅंडलच्या व्हॉल्यूमची तुलना मागील दहा दिवसांतील त्याच वेळेच्या कॅंडलशी करावी आणि तो किमान दीडपट असेल तरच पुढे जावे.

हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका बँकेच्या शेअरची पट्टी ८०४ ते ८१२ अशी आहे आणि तो दिवसाला सरासरी १८ रुपये हलतो. पट्टी ८ रुपयांची, म्हणजे सरासरीच्या ४४ टक्के, चालेल. ९:५० ची कॅंडल ८१३.४० पर्यंत जाते, पण ८११.६० ला बंद होते. तिचा व्हॉल्यूम १,१०,००० आहे आणि त्या वेळेची सरासरी ९०,०००. बंद भाव आत आणि व्हॉल्यूम जेमतेम सव्वापट, म्हणून सौदा करायचा नाही. पुढे १०:२० ची कॅंडल ८११.४० ते ८१३.९० अशी हलून ८१३.५० ला बंद होते आणि तिचा व्हॉल्यूम १,३५,००० भरतो. चार्टवरची रेघ दीड लाखावर असल्यामुळे तिच्या हिशेबाने हा ब्रेकआउट दुबळा ठरेल. पण या वेळेची दहा दिवसांची सरासरी ६०,००० आहे, म्हणजे हा व्हॉल्यूम सव्वादोनपट आहे. शेअर बँकेचा असल्यामुळे बँकांचा निर्देशांक बँक निफ्टीही पाहावा; तोही तेव्हा स्वतःच्या सकाळच्या पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागात असेल, तर खरेदी करावी.

८१३.८० ला खरेदी झाली असे धरू. स्टॉप लॉस पट्टीच्या मध्याखाली, म्हणजे ८०७.९० ला लावावा. प्रति शेअर जोखीम ५.९० रुपये होते. एका सौद्यात १,००० रुपयेच गमवायची तयारी असेल, तर १६९ शेअर घेता येतील. सरासरी हालचालीनुसार ८०४ पासून १८ रुपये वर, म्हणजे ८२२ पर्यंत जागा आहे. म्हणजे ५.९० च्या जोखमीसमोर ८.२० रुपयांची संधी. करासह एकूण खर्च प्रति शेअर अर्ध्या रुपयाच्या वर जाऊ शकतो, म्हणून संधी जोखमीच्या सव्वापटीहून कमी असेल तर बाकी सगळे जुळूनही सौदा सोडावा.

खरेदीनंतरची एक खूण कधीही दुर्लक्षू नये. पुढील दोन कॅंडलपैकी एखादी पुन्हा ८१२ च्या खाली बंद झाली, तर स्टॉप लॉसची वाट न पाहता तिथेच बाहेर पडावे. रेषेला वरून टेकून भाव परत वर गेला तर तो खऱ्या ब्रेकआउटचाही स्वभाव असतो, त्याने घाबरू नये; पण त्याने आत येऊन मुक्काम केला, तर वर नवा खरेदीदार नाही हे स्पष्ट झाले.

काही दिवशी या चाळण्या निरुपयोगी ठरतात. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण सकाळी १० वाजता जाहीर होते. त्या दिवशी बँकांच्या शेअरमधील ९:५० च्या ब्रेकआउटला अर्थ नसतो. बाजार सुरू असतानाच तिमाही निकाल येणार असलेल्या शेअरचेही तसेच.

एका शेअरमध्ये दिवसाला दोनच सौदे करावेत आणि साडेअकरानंतर नवा सौदा घेऊ नये. उरलेला सौदा ३:१० पर्यंत स्वतः बंद करावा, कारण त्यानंतर थोड्याच वेळात बहुतेक ब्रोकर तो आपोआप कापतात आणि अनेकजण त्याचे वेगळे शुल्कही घेतात.