सात दिवसांच्या सहलीसाठी फोनमध्ये जागा आणि बॅटरी किती लागेल?

सहलीत तिसऱ्याच दिवशी ‘स्टोरेज फुल’ दिसू नये म्हणून निघण्याआधी घरीच तासभर रंगीत तालीम करा.

1. सहलीत ठेवणार तेच व्हिडिओ सेटिंग ठेवून 20 मिनिटे व्हिडिओ आणि 50 फोटो काढा.
2. किती जागा आणि किती टक्के बॅटरी गेली ते लिहून ठेवा.

समजा 4 जीबी आणि 15 टक्के गेले. रोज याच्या चौपट चित्रीकरण म्हणजे 16 जीबी, आठवड्याला 112. मी वर पाव भाग धरतेच, म्हणजे 140 जीबी मोकळी हवी. बॅटरी 60 टक्के कॅमेऱ्यालाच. एरवीचा वापर 70 असेल तर रोज 30 टक्के कमी पडेल.

पॉवर बँकेवरच्या आकड्यातला साधारण 60 टक्केच भाग फोनला मिळतो, आणि थंडीत बॅटरी आणखी लवकर उतरते.