फ्लॅट ठरवण्याआधी मोबाईलची रेंज तपासताना या चुका टाळा

माझ्या ताईने आणि भाऊजींनी जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घ्यायचे ठरवले, तेव्हा रेंज तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. जानेवारीतली दुपार होती, फ्लॅट रिकामा होता आणि सगळी दारे-खिडक्या उघडी होती. मी गॅलरीत उभे राहून पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. आवाज स्वच्छ आला, रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसल्या आणि मी होकार दिला. मे महिन्यात दारे-खिडक्या लावून एसी चालू ठेवण्याची वेळ आली, तेव्हा आतल्या बेडरूममध्ये ताईचा फोन लागेनासा झाला. "आई, दोन तास फोन करतोय, तू होतीस कुठे?" असे भाचा काळजीने विचारायचा आणि ताईच्या फोनवर साधा मिस्ड कॉलही दिसायचा नाही. त्यानंतर आम्ही ती इमारत मजल्यामजल्याने नीट मोजली. हे मोजमाप इसार देण्याआधी किंवा अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्याआधी अर्ध्या तासात होऊ शकले असते.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे काड्या मोजणे. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारी कंपनी आपल्यापुरते ठरवते. त्यामुळे एकाच जागी एका फोनवर तीन काड्या आणि दुसऱ्यावर एकच काडी दिसू शकते. खरा आकडा फोनमध्येच असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings उघडून About phone मध्ये जावे. तिथे SIM status किंवा तशाच नावाच्या पानावर Signal strength समोर "-97 dBm" असा आकडा दिसतो. आयफोनवर डायल पॅडवर `*3001#12345#*` टाकून कॉलचे बटण दाबले, की उघडणाऱ्या पानांत RSRP नावाने हाच आकडा सापडतो. आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. फोरजीसाठी माझा ठोकताळा असा आहे: उणे ९५ किंवा त्याहून चांगला आकडा असेल तर निश्चिंत राहावे, उणे १०५ पर्यंत काम चालते, त्यापुढे दार लावले किंवा फोन खिशात ठेवला तरी फरक जाणवू लागतो, आणि उणे ११५ च्या पलीकडे कॉल तुटणार असे धरूनच चालावे. दहाचा फरक लहान वाटतो, पण त्याचा अर्थ सिग्नलची शक्ती एक दशांश उरली असा होतो.

इथे एक फसगत हमखास होते. फोरजीचा आणि टूजीचा आकडा वेगवेगळ्या पद्धतीने मोजला जातो, म्हणून दोघांची तुलना करता येत नाही. फोरजी हाताबाहेर गेल्यावर काही कंपन्यांच्या सिमवर फोन टूजीवर उतरतो आणि आकडा उणे १०८ वरून एकदम उणे ८५ होतो. पाहणाऱ्याला वाटते की या खोलीत रेंज सुधारली, प्रत्यक्षात ती बिघडलेली असते. म्हणून आकडा टिपताना त्याच पानावर नेटवर्कचा प्रकार कोणता लिहिला आहे, तेही टिपावे. फाइव्हजीच्या खुणेवरही विसंबू नये. शहरांतले बरेचसे फाइव्हजी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालते आणि त्या लहरी ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या तुलनेत भिंतींतून कमी आत शिरतात; गॅलरीत दिसणारी ती खूण स्वयंपाकघरापर्यंत टिकतेच असे नाही. शक्य असेल तर तपासणीपुरते सेटिंगमध्ये फोरजी निवडावे, म्हणजे सर्व मजल्यांचे आकडे एका मापाचे येतात.

दुसरी चूक मी केली तीच, म्हणजे गॅलरीवरून घराचा अंदाज बांधणे. ताईच्या फ्लॅटचे आमचे आकडे असे आले: गॅलरीत उणे ९३, हॉलच्या मध्यभागी उणे १०२, आतल्या बेडरूममध्ये पलंगाच्या उशाशी उणे ११२, आणि दार व खिडकी लावल्यावर तिथेच उणे ११७. खिडकीच्या काचेला घरमालकांनी ऊन परतवणारी चकाकती फिल्म लावलेली होती. अशा फिल्ममध्ये धातूचा पातळ थर असतो, तो उष्णतेप्रमाणे सिग्नलही अडवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती फिल्म काढा असे मी कोणाला सांगणार नाही, पण फ्लॅट पाहताना काचेत आपला चेहरा आरशासारखा दिसत असेल तर दारे-खिडक्या लावून मोजणे अगदी आवश्यक आहे. जुन्या पेठांतल्या जाड दगडी भिंतींच्या घरांनाही हेच लागू होते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तर काचा नसतात, दारे नसतात, सामान नसते. तिथे आलेला आकडा राहायला गेल्यावर किमान दहाने तरी घसरेल असे मी गृहीत धरतो. सॅम्पल फ्लॅट पहिल्या मजल्यावर आणि आपला फ्लॅट चौथ्यावर असेल, तर सॅम्पल फ्लॅटमधल्या मोजणीचा काहीच उपयोग नाही.

तिसरी चूक म्हणजे जितके वर जावे तितकी रेंज चांगली, ही समजूत. ताईच्या इमारतीत खाली पार्किंग आणि वर पाच मजले आहेत. जिन्याच्या चौकात प्रत्येक मजल्यावर घेतलेले आकडे पाहा: पार्किंगमध्ये उणे ११३, पहिल्या मजल्यावर उणे १०९, दुसऱ्यावर उणे १०४, तिसऱ्यावर उणे ९६, चौथ्यावर उणे ९१ आणि पाचव्यावर उणे ८९. जवळचा टॉवर ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला शेजारी तीन मजली इमारत आहे. तिच्या सावलीत खालचे मजले येतात आणि ती सावली संपते तिथे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांदरम्यान, आकडा आठाने सुधारतो. मात्र सर्वांत चांगला आकडा असलेल्या पाचव्या मजल्यावर माझा कॉल दोनदा चिरकला, आणि एकाच जागी उभे असताना आकडा उणे ८८ ते उणे १०० असा वरखाली होत राहिला. टॉवरचे अँटेना सहसा किंचित खाली झुकवलेले असतात, कारण त्यांना रस्ते आणि नेहमीच्या उंचीच्या इमारती गाठायच्या असतात. आजूबाजूच्या छपरांच्या वर डोके काढणाऱ्या मजल्यावर दूरदूरचे अनेक टॉवर एकाच वेळी दिसू लागतात, त्यांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि फोन कधी याला, कधी त्याला धरतो. आकडा चांगला असूनही आवाज तुटत असेल आणि आकडा स्थिर राहत नसेल, तर बहुधा हेच कारण असते. गच्चीवरच टॉवर असलेल्या इमारतीत सर्वांत वरच्या फ्लॅटला उत्तम रेंज मिळते, हेही खरे नाही. अँटेनाचा मुख्य झोत समोर दूरवर जातो, थेट खाली येत नाही.

आता मी जी पद्धत वापरतो ती सांगतो. सुरुवातीला फोनचे वाय-फाय बंद करावे. मालक राहत असलेल्या घरात आपला फोन पूर्वी त्यांच्या वाय-फायला जोडलेला असेल आणि वाय-फाय कॉलिंग चालू असेल, तर भिंतीआड रेंज नसतानाही कॉल उत्तम लागतो आणि आपण फसतो. मग तळापासून वरपर्यंत जिन्याने जावे, लिफ्टने नाही. प्रत्येक मजल्यावर विमान मोड दहा सेकंद चालू करून बंद करावा, कारण फोन आधी धरलेला टॉवर लवकर सोडत नाही. त्यानंतर अर्धा मिनिट थांबून आकडा वहीत लिहावा. फोन प्रत्येक वेळी एकाच हातात, छातीच्या उंचीवर धरावा आणि एकदा पाठ फिरवून पुन्हा पाहावा, कारण आपले शरीरसुद्धा सिग्नल अडवते. जिन्यातले आकडे फक्त मजल्यांचा कल सांगतात. खरा निर्णय फ्लॅटच्या आतल्या आकड्यांवर घ्यावा, तेही हॉलचा मध्य, स्वयंपाकाचा ओटा, सर्वांत आतल्या बेडरूममधली पलंगाची जागा आणि बाथरूम अशा चार ठिकाणी, दारे लावून. घरात वयस्कर माणसे असतील तर बाथरूम वगळू नये. पाय घसरून पडल्यावर फोन तिथूनच करावा लागतो.

यानंतर बाहेरून येणारा कॉल तपासावा, कारण बहुतेक जण फक्त आपणच फोन लावून पाहतात. सर्वांत आतल्या खोलीत फोन स्क्रीन बंद करून पाच मिनिटे ठेवावा आणि बाहेर थांबलेल्या माणसाला तीन वेळा कॉल करायला व एक एसएमएस पाठवायला सांगावे. तिन्ही वेळा घंटी वाजली नाही, तर बँकेचा ओटीपीही वेळेवर येईल याची खात्री नाही. आलेला कॉल तीन मिनिटे बोलत, सगळ्या खोल्यांतून फिरत चालू ठेवावा. हे सर्व घरातल्या प्रत्येक कंपनीच्या सिमवर करावे. ताईच्या घरी भाऊजींचे सिम वेगळ्या कंपनीचे होते आणि त्याच पलंगापाशी त्यावर उणे १०३ आकडा येत होता.

शक्य असल्यास रात्री आठ ते दहाच्या दरम्यान पुन्हा एकदा जावे. दुपारचा आणि रात्रीचा आकडा जवळपास सारखा असूनही व्हिडिओ अडखळत असेल, तर दोष भिंतींचा नसून टॉवरवरच्या गर्दीचा आहे आणि मजला बदलून तो जाणार नाही. उलट बाजूने, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळचा फ्लॅट पाहून इंटरनेट मंद आहे म्हणून नाकारू नये. ती गर्दी तेवढ्या दिवसांपुरती असते.

रेंज कमी असूनही फ्लॅट मनात भरला असेल, तर दोन उपाय खात्रीचे आहेत. आतल्या खोलीत ज्या कंपनीचा आकडा चांगला येतो तिच्याकडे नंबर पोर्ट करता येतो; १९०० वर PORT आणि आपला नंबर लिहून एसएमएस केला की प्रक्रिया सुरू होते, आणि त्याच सर्कलमध्ये ती साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण होते. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असणे मात्र आवश्यक असते. दुसरा उपाय म्हणजे ब्रॉडबँड आणि वाय-फाय कॉलिंग. परंतु वीज गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्यावा. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर घेऊ नये. परवानगीशिवाय तो लावणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे आसपासच्या घरांची रेंज बिघडते.

ताईने पोर्टचा मार्ग निवडला. भाऊजींच्या कंपनीचे सिम आल्यावर आम्ही बेडरूमचे दार आणि खिडकी लावून, एसी चालू ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा आकडा उणे १०४ आला आणि पुण्याहून केलेले तिन्ही कॉल पहिल्या घंटीला लागले.