प्रकाशश्वसनाचे गणित मांडताना या चुका टाळा

कार्बन डायऑक्साइड बांधून घेणारे रुबिस्को हे विकर त्याऐवजी ऑक्सिजन पकडते, तेव्हा प्रकाशश्वसन घडते. त्याबाबत उत्तरपत्रिकांमध्ये वर्षानुवर्षे दिसणारी पहिली चूक हिशेबाची आहे. पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास गव्हासारख्या सी-३ वनस्पतीच्या पानातील रुबिस्कोने १०० वेळा काम केले आणि त्यातील ८० वेळा कार्बन डायऑक्साइड, तर २० वेळा ऑक्सिजन पकडला, असे धरू. अनेकजण ८० मधून २० वजा करून निव्वळ लाभ ६० लिहितात. वास्तविक प्रत्येक ऑक्सिजन-अभिक्रियेतून दोन कार्बनचा फॉस्फोग्लायकोलेटचा एक रेणू तयार होतो, आणि हरितलवक, पेरॉक्सिसोम व तंतुकणिका अशा तीन ठिकाणी फिरून अशा दोन रेणूंमधून तीन कार्बनचा एक रेणू परत मिळतो, तर कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू बाहेर पडतो. म्हणजे २० रेणूंतील ४० कार्बनपैकी ३० परत येतात, १० जातात आणि निव्वळ लाभ ७० उरतो. या फेरीत अमोनियाही सुटतो व तो पुन्हा बांधून घ्यायला ऊर्जा लागते, ते नुकसान वेगळे.

दुसरी चूक अधिक चिवट आहे: मका किंवा ऊस या सी-४ वनस्पतींच्या रुबिस्कोला ऑक्सिजन पकडताच येत नाही, असे मानणे. तो पकडू शकतो. बदललेली असते त्याच्या भोवतालची हवा. पानाच्या बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्झिलेज हे विकर बायकार्बोनेट घेऊन चार कार्बनचे आम्ल बनवते आणि त्याला ऑक्सिजनशी काहीच देणेघेणे नसते. ते आम्ल शिरेभोवतीच्या आवरण पेशींत जाऊन तेथे कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे रुबिस्कोभोवती त्याचे प्रमाण सुमारे दहापट वाढते. पेप कार्बोक्झिलेजचे हे काम म्हणजे अंतिम स्थिरीकरण नव्हे, ती केवळ वाहतूक आहे. साखर रुबिस्कोच्याच मार्गाने तयार होते. या वाहतुकीसाठी कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे ऊर्जा पुरवणारे साधारण दोन जादा एटीपी रेणू खर्ची पडतात, म्हणून थंड हवेत, जेथे प्रकाशश्वसन मुळातच कमी असते, सी-४ वनस्पतींना हा सौदा महागात पडतो.

प्रयोगात खात्री करायची झाल्यास पानाभोवतीचा ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणावा. गव्हाच्या पानाचे निव्वळ प्रकाशसंश्लेषण लगेच ठळकपणे वाढते, मक्याचे जवळजवळ हलत नाही. गव्हातही फरक दिसला नाही, तर आधी कक्षातील कार्बन डायऑक्साइड तपासावा: तो नेहमीच्या हवेतील सुमारे ४०० पीपीएमपेक्षा बराच जास्त असेल, तर ऑक्सिजनची स्पर्धा आधीच मोडलेली असते आणि सी-३ पानही सी-४ सारखे वागते.