आर्टिकल्स बदलण्याआधी: जिनिंगवाल्या घरासाठी तयारीची यादी

जळगावकडच्या एका जिनिंगचं उदाहरण घेऊ. माणसं कल्पित असली तरी असा पेच खानदेशात घराघरांत सापडेल. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एक लाख शेअर. आबा आणि त्यांच्या दोन भावांच्या घरांकडे मिळून ७६,००० आणि चुलतभाऊ नानांकडे २४,०००. आबांना आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, नवं कलम घालायचं आहे: २५ टक्क्यांहून कमी शेअर असलेल्याला संचालक मंडळ नोटीस देऊन त्याचे शेअर विकायला लावेल आणि भावही मंडळच ठरवेल.

मसुदा लिहायला बसण्याआधी सध्याची आर्टिकल्स कपाटातून काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. एखादं कलम बदलायला सगळ्यांची संमती हवी किंवा एरवी लागणाऱ्या विशेष ठरावाच्या तीन-चतुर्थांश मतांपेक्षा कडक अट पाळावी, असं त्यात लिहून ठेवलेलं असू शकतं. कंपनी कायद्याचं कलम ५ तशी मुभा देतं. अशी अट असेल तर तीन-चतुर्थांशाच्या हिशोबावर भागत नाही. प्रायव्हेट कंपनीला नोटीस, प्रॉक्सी म्हणजे आपल्या जागी पाठवलेला माणूस, आणि मतदान यांचे नियमही आर्टिकल्समध्ये वेगळे करता येतात. वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच पुढचे आकडे जसेच्या तसे लागू होतात.

मग तारखा मोजा. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण २१ दिवसांची हवी. पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. पोस्टाने पाठवली तर आणखी दोन दिवस जातात, म्हणजे १ ऑक्टोबरला टपालात टाकलेल्या नोटिशीवर २५ तारखेच्या आत सभा घेता येत नाही. ठराव 'विशेष' आहे हे नोटिशीत लिहा आणि कलमाचा पूर्ण मजकूर द्या. सोबतच्या स्पष्टीकरणात कारण लिहा, आणि नानांचे शेअर ज्या संचालकाकडे जाणार असतील त्याचा हितसंबंधही उघड करा. लोक सगळ्यात जास्त टाळतात ते हेच. 'कंपनीच्या हितासाठी' एवढीच ओळ लिहून मोकळे होतात आणि पुढे वाद झाला की तीच ओळ अंगाशी येते.

आता मतं मोजू. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात. हिशोब हजर राहून मत देणाऱ्यांचा होतो, एकूण शेअरांचा नाही. नानांच्या २४,००० विरुद्ध ७२,००० हवेत. आबांकडे ७६,००० आहेत, म्हणजे ठराव पास. पण कपाशीच्या हंगामात गाड्या फाटकाशी उभ्या असताना धाकटा भाऊ सभेला आला नाही, त्याचे ५,००० कमी झाले, तर ७१,००० उरतात आणि ठराव पडतो. त्याने प्रॉक्सी द्यायची तर फॉर्म सभेच्या ४८ तास आधी पोचायला हवा, आणि प्रॉक्सीला मत देता येतं ते फक्त पोल, म्हणजे शेअरांनुसार मतमोजणी, झाला तरच. नानांनी एक लक्षात ठेवावं. हात वर करून मतदान झालं तर माथी मोजली जातात, शेअर नाही. दहा टक्के मताधिकार असणाऱ्याला पोल मागता येतो. ज्याला ज्यात फायदा, त्याने तेच मागावं.

समजा ठराव पास झाला. तरी बहुमताने तो वैध ठरतोच असं नाही, आणि आबांसारख्यांची फसगत होते ती इथेच. बहुमताने आपला अधिकार संपूर्ण कंपनीच्या हितासाठी, प्रामाणिकपणे वापरावा ही कसोटी १९०० सालच्या ॲलन विरुद्ध गोल्ड रीफ्स या इंग्लिश निकालातून आली. १९१९ मध्ये ब्राऊन विरुद्ध ब्रिटिश अब्रेसिव्ह व्हीलमध्ये ९८ टक्के शेअर हातात असलेल्यांना उरलेल्या दोन टक्क्यांचे शेअर सक्तीने घेण्याचं कलम घालता आलं नाही. उलट पुढच्याच वर्षी सिडबॉटम विरुद्ध कर्शॉमध्ये कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या भागधारकाकडून रास्त भावाने शेअर घेण्याचं कलम टिकलं. आबांनी यातून मसुदा सुधारावा. नाना शेजारच्या गावात स्वतःची जिनिंग चालवत असतील तर कलम फक्त स्पर्धकापुरतं ठेवा आणि भाव स्वतंत्र मूल्यांकनकर्त्याकडून ठरवून घ्या. 'ज्याच्याकडे कमी त्याने निघावं' हे भांडण आहे, धंद्याचं कारण नव्हे.

नानांनी नोटीस, पाकीट, टपालाचा शिक्का आणि सभेत दिलेला लेखी विरोध जपून ठेवावा. विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावावा. भागभांडवलाचा किमान एक दशांश लागतो, त्यांच्याकडे त्याहून जास्त आहे, त्यामुळे अन्यायाविरुद्ध कलम २४१ खाली त्यांना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. न्यायाधिकरणाने आदेशातून आर्टिकल्स बदलली तर त्याच्या परवानगीशिवाय कंपनीला आदेशाशी विसंगत बदल करता येत नाही.

ठराव रजिस्ट्रारकडे नोंदवण्याचा पोर्टलवरचा फॉर्म MGT-14 भरायला ठरावापासून ३० दिवस मिळतात, पण बदललेली आर्टिकल्स रजिस्ट्रारकडे देण्यासाठी कलम १४ पंधराच दिवस देतं. म्हणून पंधरा दिवसच धरून चाला, आणि सीएचा डिजिटल सहीचा डोंगल चालतोय का ते सभेआधीच बघून ठेवा.