‘आधी फिरवा, मग सरकवा’ लिहू नका: ग्राफवरच्या एकाच रूपांतराच्या चुका

मी केंब्रिज आयजीसीएसईच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. ग्राफ पेपरवर दोन एकरूप आकृत्या देऊन ‘पहिलीवरून दुसरी मिळवणारं एकच रूपांतर पूर्णपणे सांगा’ असं विचारणारा प्रश्न सोडवताना मुलं त्याच त्या चार-पाच चुका करतात. बोलताना सगळे रिफ्लेक्शन, रोटेशन, ट्रान्सलेशन असंच म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द ठेवते. आरशातलं परावर्तन, एका बिंदूभोवती फिरवणं आणि न फिरवता नुसतं सरकवणं.

सगळ्यात जास्त गुण घालवणारी चूक म्हणजे एकाऐवजी दोन रूपांतरं लिहिणं. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला सराव परीक्षेत या प्रश्नाला तीनपैकी शून्य मिळालं. तिचे बाबा पेपर घेऊन आले. म्हणाले, “मॅडम, मी स्वतः ग्राफवर करून बघितलं. आकृती बरोबर जागेवर जाते. मग शून्य कसं?”

प्रश्न असा होता. त्रिकोण ABC चे शिरोबिंदू A(2, 1), B(5, 1), C(2, 3). त्याची प्रतिमा A′(0, −3), B′(0, −6), C′(2, −3). मुलीने लिहिलं होतं: ‘आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 90° फिरवा, मग 1 घर डावीकडे आणि 1 घर खाली सरकवा.’ करून बघा. A(2, 1) फिरून (1, −2) वर जातो, तिथून सरकून (0, −3) वर. B आणि C सुद्धा नेमके जागेवर बसतात. भूमितीत काहीच चुकलं नव्हतं. पण प्रश्नात ‘एकच’ हा शब्द होता, आणि केंब्रिजच्या गुणदानात दोन रूपांतरं लिहिली की आतला बरोबर असलेला 90° सुद्धा मोजत नाहीत. मी बाबांना तो शब्द दाखवला, आणि मग मुलीला जवळ बसवून विचारलं, “आरंभबिंदूच का घेतलास?” ती म्हणाली, “रोटेशन ओरिजिनभोवतीच असतं ना?”

खरी चूक या उत्तरात आहे, आणि त्याला मी पाठ केलेलं कोष्टक जबाबदार धरते. मुलं पहिल्याच दिवशी (x, y) → (y, −x) हे सूत्र घोकतात. घड्याळाच्या दिशेने 90° साठी ते बरोबर आहे, पण केंद्र आरंभबिंदू असेल तरच. केंद्र दुसरीकडे असलं की आकृती थोडी बाजूला पडते आणि मुलं ती ‘सरकवून’ जागेवर आणतात. हे सरकवावं लागणं हीच खूण समजा: कोन बरोबर आहे, केंद्र चुकलंय. 90° फिरवून सरकवलं तर त्या दोन्हींचं काम करणारं 90° चं एकच रोटेशन नेहमी असतंच, फक्त त्याचं केंद्र वेगळं असतं.

ते केंद्र अंदाजाने शोधायचं नसतं. फिरताना कुठलाही बिंदू केंद्रापासून सारख्याच अंतरावर राहतो. म्हणजे C पासून आणि C′ पासून केंद्र सारखंच लांब असणार, म्हणजेच ते CC′ च्या लंबदुभाजकावर असणार. C(2, 3) आणि C′(2, −3) जोडणारी रेघ उभी आहे, मध्यबिंदू (2, 0), तेव्हा लंबदुभाजक म्हणजे चक्क X-अक्ष. केंद्र या रेषेवर कुठेतरी आहे. आता दुसरी जोडी घ्या. A(2, 1) कडून A′(0, −3) कडे जाताना 2 घरं डावीकडे आणि 4 घरं खाली जावं लागतं, मध्यबिंदू (1, −1). या रेघेला लंब असलेली रेघ 2 घरं डावीकडे गेली की 1 घर वर चढते. (1, −1) पासून तसं गेलात की थेट (−1, 0) वर, X-अक्षावर पोचता. हेच केंद्र. उत्तर: (−1, 0) भोवती घड्याळाच्या दिशेने 90° रोटेशन. एका वाक्यात तीन गोष्टी, तीन गुण.

मी स्वतः 90° असेल तेव्हा दोन लंबदुभाजक काढत नाही. एका जोडीचा मध्यबिंदू घेते आणि त्या रेघेला लंब दिशेने तिच्या निम्म्या लांबीइतकी जाते. CC′ ची लांबी 6, निम्मी 3. (2, 0) पासून 3 घरं डावीकडे (−1, 0), उजवीकडे (5, 0). केंद्र या दोघांपैकीच एक. A वरून तपासा: (−1, 0) पासून A कडे जाताना 3 उजवीकडे, 1 वर, A′ कडे जाताना 1 उजवीकडे, 3 खाली. अंतर सारखं. (5, 0) पासून A पर्यंत 3 आणि 1, तर A′ पर्यंत 5 आणि 3, म्हणून तो बाद. ही पद्धत फक्त 90° साठी. 180° असेल तर त्याहून सोपं, जोडीचा मध्यबिंदू हेच केंद्र, आणि दिशा लिहायची गरजच नाही.

याच आकृतीत अजून एक सापळा आहे. C आणि C′ एकमेकांच्या बरोबर वर-खाली आहेत, म्हणून बरीच मुलं एका जोडीकडे बघून ‘X-अक्षात रिफ्लेक्शन’ लिहून मोकळी होतात. आमच्याकडे पाचवीच्या स्कॉलरशिपसाठी आरशातील प्रतिमा आणि जलप्रतिमा यांचा मुलांकडून इतका सराव करून घेतलेला असतो की दोन आकृत्या दिसल्या की आधी आरसाच आठवतो. म्हणून माझ्या वर्गात पेन्सिल उचलण्याआधी बोट फिरवायचा नियम आहे. पहिल्या आकृतीवर A, B, C असं बोट फिरवा, मग दुसरीवर A′, B′, C′. इथे दोन्हीकडे बोट घड्याळाच्या उलट दिशेने जातं. दिशा तीच राहिली तर रिफ्लेक्शन असूच शकत नाही. आकृती फिरलेली असेल किंवा नुसती सरकलेली. दिशा उलटली तर आकृती पालटली आहे. दहा सेकंदांचं काम आहे, आणि उतावळी मुलं नेमकं तेच टाळतात. बोट फिरवायला दोन्हीकडे अक्षरं लागतात. पेपरात ती दिली नसतील तर काटकोनाचं टोक, लांब बाजूचं टोक, असं ओळखून आधी स्वतः लिहा.

माझा दुसरा डोळ्यांत सलणारा प्रकार म्हणजे तिरक्या आरशात आडवं मोजणं. आरसा y = x, बिंदू (5, 2). मुलगा डावीकडे 3 घरं मोजतो, आरसा लागतो (2, 2) वर, मग तसाच अजून 3 घरं पुढे जाऊन (−1, 2) वर टिंब देतो. उभ्या आरशाची सवय इथे लावली की सगळी आकृती वेडीवाकडी पडते. प्रतिमा आरशाला काटकोनात असलेल्या रेघेवर असते, आणि इथे ती रेघ घरांच्या कर्णांवरून जाते. (5, 2) पासून दीड कर्ण चाललात की आरसा, अजून दीड कर्ण की (2, 5). अर्ध्या कर्णात गोंधळ होत असेल तर मी असं करायला लावते: 3 घरं आडवं जाऊन आरशापर्यंत पोचा, तिथे वळा आणि तितकीच 3 घरं उभी जा. (2, 2) वरून वर 3, तेच (2, 5). y = −x असेल तर (5, 2) पासून डावीकडे 7 घरं, मग खाली 7, म्हणजे (−2, −5). वर जायचं की खाली, हे आरशाच्या पलीकडे कुठल्या दिशेने जाता येतं त्यावर ठरतं. 45° च्या आरशांनाच हे लागू आहे. तपासायला कागद असा फिरवून धरा की आरसा तुमच्या नाकासमोर उभा येईल. चूक असेल तर लगेच दिसते.

आरशाचं समीकरण लिहितानाही मुलं गोंधळतात: (2, 0) मधून जाणाऱ्या उभ्या रेषेचं समीकरण x = 2 असतं, y = 2 नाही. त्या रेषेवरचे दोन बिंदू लिहून बघा, जे बदलत नाही तेच समीकरणात येतं.

ट्रान्सलेशनमध्ये मुलं दोन आकृत्यांमधली मोकळी जागा मोजतात. वरच्याच त्रिकोणाची उजवी कड x = 5 वर आहे. सरकलेल्या त्रिकोणाची डावी कड x = 7 वर असेल तर मध्ये 2 घरं दिसतात, पण A गेला 2 वरून 7 वर, म्हणजे सरकणं 5 घरांचं. नेहमी एकच शिरोबिंदू आणि त्याचीच प्रतिमा. उत्तर उभ्या सदिशात लिहा, वर आडवं, खाली उभं. आणि कुठून कुठे हे प्रश्नात पुन्हा वाचा. उलटं वाचलं की दोन्ही चिन्हं उलटतात.

दिशा उलटली म्हणजे दर वेळी एका आरशाने काम भागेलच असं नाही. मुलांनी एकमेकांना घातलेल्या गणितांत हे हमखास निघतं. एका मुलाने पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून ग्राफवर गिरवला, पालटून दुसरीकडे गिरवला आणि मैत्रिणीला आरसा शोधायला सांगितला. ती अर्धा तास रडकुंडीला आली, कारण आरसा नव्हताच. आपल्या ABC ची प्रतिमा (6, −1), (9, −1), (6, −3) अशी असेल तर जोड्यांचे मध्यबिंदू (4, 0), (7, 0) आणि पुन्हा (4, 0) येतात. सगळे X-अक्षावर, म्हणून आरसा सापडल्यासारखं वाटतं. पण A(2, 1) ते (6, −1) ही रेघ X-अक्षाला काटकोनात नाही, तिरकी आहे. आकृती X-अक्षात पालटून 4 घरं उजवीकडे सरकली आहे. याला ग्लाइड रिफ्लेक्शन म्हणतात, आणि आपल्या तिघांपैकी एकाही रूपांतराने ते साधत नाही. म्हणून आरसा लिहिण्याआधी दोन्ही बघा: मध्यबिंदू एका रेषेवर, आणि जोडरेघा तिला काटकोनात. परीक्षेच्या प्रश्नात काटकोन आला नाही तर बहुधा अक्षरांची जोडी चुकीची लावलेली असते. ती बदलून पुन्हा बघा.

ट्रेसिंग पेपर परीक्षेत चालतो, तो न्याच. पण नुसती आकृती गिरवून फिरवू नका. आकृतीशेजारी वर तोंड केलेला एक बाण काढा, केंद्रावर पेन्सिलचं टोक घट्ट दाबा आणि मग कागद फिरवा. बाणाचं तोंड बरोबर उजवीकडे आलं की घड्याळाच्या दिशेने 90° झालं. बाण नसेल तर मुलं 80° वर थांबतात आणि शिरोबिंदू जवळच्या घरात ढकलून देतात.