‘सजेस्ट मी’ लिहिलं आणि शनिवार गेला

हिंजवडीत पहिली नोकरी लागून दोन महिने झाले होते. क्लायंट मँचेस्टरचा, आणि त्यांच्याकडचा लीड आमच्या पाच जणांच्या टीमशी चॅटवरच बोलायचा. एका गुरुवारी त्याने विचारलं, शनिवारच्या रिलीजला तुमच्यापैकी कोणीतरी ऑनलाइन हवं, ‘कॅन यू सजेस्ट समवन?’ टीममध्ये सगळ्यात नवा मी. नाव कुणाचं घ्यायचं हे मला कुठून माहीत असणार? मनात म्हटलं, तुम्हीच सुचवा मला, आणि तेच टाइप केलं: ‘सर, प्लीज सजेस्ट मी.’

लगेच अंगठ्याची खूण आली. खाली ‘ग्रेट, थँक्स!’ आणि पाठोपाठ शनिवारच्या रोस्टरमध्ये माझं नाव. दुपारी अडीच ते रात्री साडेनऊ. त्याच शनिवारी साताऱ्याला मावसभावाचा साखरपुडा होता. मावशी अजून तो विषय काढते.

लीडची यात काही चूक नव्हती. इंग्रजीत ‘सजेस्ट’च्या लगेच पुढे जे येतं ते सुचवलं जातं. ‘सजेस्ट अ नेम’ म्हणजे नाव सुचवा, ‘सजेस्ट अ डेट’ म्हणजे तारीख सुचवा. मग ‘सजेस्ट मी’ म्हणजे मला सुचवा, माझं नाव पुढे करा. मी सल्ला मागत होतो, त्याने वाचलं की पोरगा स्वतःहून तयार आहे.

मराठीत ‘मला’ हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘मला बघ’ म्हटलं की बघायची वस्तू मीच असतो. ‘मला कारण सांग’ यात वस्तू आहे कारण, आणि मी ते ऐकणारा. रूप दोन्हीकडे तेच, आणि घोटाळा होत नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला क्रियापद ओळखीचं असतं. आपण ‘मला’ म्हणजे ‘मी’ (इंग्रजीतला) असं शाळेत पाठ करतो आणि ‘मला समजावा’चं ‘एक्सप्लेन मी’, ‘मला सुचवा’चं ‘सजेस्ट मी’, ‘मला कळवा, नक्की सांगा’चं ‘कन्फर्म मी’ करून मोकळे होतो. आपणच असं करतो असंही नाही. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश बोलणारेही ‘एक्सप्लेन मी’ म्हणतात, कारण त्यांच्याही भाषेत ‘मला समजाव’ थेट म्हणता येतं.

इंग्रजीत क्रियापदांचे दोन गट पडतात. ‘टेल’, ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘टीच’, ‘आस्क’ यांना माणूस लगेच पुढे चालतो: ‘टेल मी द रीझन’, ‘सेंड मी द फाइल’. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘कन्फर्म’, ‘रिपोर्ट’, ‘मेन्शन’ यांच्या लगेच पुढची जागा वस्तूची. माणूस यायचाच असेल तर ‘टू’ला धरून येतो: ‘एक्सप्लेन द एरर टू मी’.

असं का, हे मला पुढे आमच्याच टीममधल्या एका मॅडमनी सांगितलं. त्या आधी इंग्रजी शिकवायच्या. पहिला गट बहुतेक इंग्रजीच्या घरचा, जुना, एका ठोक्यात बोलता येणारा. दुसऱ्या गटातले बरेच शब्द लॅटिनकडून आलेले. ‘एक्सप्लेन’च्या मुळाशी सपाट करणं, सारखं करणं असा लॅटिन अर्थ आहे. म्हणजे ‘एक्सप्लेन मी’ म्हटलं तर मलाच सपाट करायला सांगितल्यासारखं, असं त्या हसत म्हणाल्या. कानाने ओळखायची त्यांची युक्ती अशी होती: जोर पहिल्या अक्षरावर असेल तर माणूस बहुधा चालतो, मागच्या अक्षरावर असेल तर बहुधा नाही. ‘ऑफर’, ‘प्रॉमिस’ यांत जोर सुरुवातीला, म्हणून ‘दे ऑफर्ड मी अ जॉब’ बरोबर. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘कन्फर्म’ यांत जोर शेवटी, म्हणून नाही. पण ही युक्ती फार ताणू नका. ‘मेन्शन’चा जोर सुरुवातीला आहे तरी त्याला माणूस चालत नाही, ‘से’ एका ठोक्याचं आहे तरी ‘से मी’ होत नाही, आणि ‘असाइन’चा जोर मागे असूनही ‘ही असाइन्ड मी द टिकट’ अगदी नीट आहे.

मी स्वतः वापरतो ती पारख वेगळी. पाठवायच्या आधी वाक्य उलटं करून बघायचं. ‘आय वॉज टोल्ड द रीझन’ कानाला बरोबर लागतं, म्हणून ‘टेल मी’ चालतं. ‘आय वॉज एक्सप्लेन्ड द रीझन’ चालत नाही, म्हणून ‘एक्सप्लेन मी’ही नाही. अडचण एकच: भारतातल्या ऑफिसांत ‘आय वॉज एक्सप्लेन्ड दॅट’ इतक्या वेळा कानावर पडतं की ते बरोबरच वाटायला लागतं. ‘मला समजावण्यात आलं’ हे आपलं वाक्य तिथे बसलेलं असतं. इंग्रजीत त्याला ‘आय वॉज टोल्ड’ म्हणा, किंवा ‘इट वॉज एक्सप्लेन्ड टू मी’.

हे कळल्यावर मी दुसरीकडे घसरलो, आणि नवीन मुलांमध्ये हेच सर्रास दिसतं. सगळीकडे ‘टू’ चिकटवायला लागलो. ‘टेल टू मी’, ‘इन्फॉर्म टू यू’, ‘आय रिक्वेस्ट टू यू’. हे तीनही चुकीचे. ‘इन्फॉर्म’ला माणूस थेटच लागतो: ‘प्लीज इन्फॉर्म मी’. उलट ‘रिप्लाय’ला ‘टू’ लागतं, ‘रिप्लाय मी’ नाही. नियम सरसकट लावला की पहिली चूक जाते आणि दुसरी येते.

आता ‘रिक्वेस्ट यू टू’. याला लोक ‘एक्सप्लेन मी’च्या ओळीत बसवतात, पण व्याकरणाने त्याचं प्रकरण निराळं आहे. ‘आय रिक्वेस्ट यू टू सेंड द फाइल’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘रिक्वेस्ट’ला माणूस थेट घेता येतो, पुढे ‘टू’ आणि क्रियापद. खटकतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे सुरुवातीचा ‘आय’ किंवा ‘वी’ गायब असतो. तो कुठे जातो? आपल्याकडे सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहितात, ‘सर्व सभासदांना विनंती आहे की…’ त्यात ‘मी’ नसतोच, कर्ता विनंतीच असते. ‘आपणास विनंती’ डोक्यात धरून इंग्रजी लिहिलं की ‘रिक्वेस्ट यू टू’ एवढंच उरतं. दुसरं म्हणजे सूर. रजेच्या अर्जात, बँकेच्या पत्रात ‘आय रिक्वेस्ट यू टू’ शोभतं. पण रोज चॅटवर बोलणाऱ्या परदेशी सहकाऱ्याला ते वकिलाच्या नोटिशीसारखं लागतं. त्याला ‘कुड यू सेंड द फाइल?’ पुरेसं आहे, आणि ते जास्त नम्रही वाटतं.

अर्जातलीच एक गोष्ट इथे सांगून टाकतो. ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ लिहू नका. क्रियापद म्हणून ‘रिक्वेस्ट’ला ‘फॉर’ नको, ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’. नाम म्हणून हवं, ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. मराठीत आपण ‘रजेसाठी विनंती’ म्हणतो, तो ‘साठी’ इंग्रजीत क्रियापदालाही जाऊन चिकटतो.

पहिल्या वर्षातला माझा एक मेसेज जपून ठेवलाय. पेमेंटच्या पानावर ५०४ एरर येत होता, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर येत नव्हतं. मी लिहिलं होतं: ‘हाय सर, प्लीज एक्सप्लेन मी द एरर अँड सजेस्ट मी व्हॉट टू डू. रिक्वेस्ट यू टू कन्फर्म मी बाय टुडे.’ दोन ओळींत तीन ‘मी’, आणि तीनही चुकीच्या जागी. मॅडमनी बाजूला बसून दुरुस्त करायला घेतलं. मी म्हटलं, सगळीकडे ‘टू मी’ टाकतो. त्या म्हणाल्या, ‘अरे, पण मेसेज तूच पाठवतोयस ना? मग समजवायचं कुणाला, हे त्याला कळत नाही का?’

तिथे माझं डोकं चाललं. छोट्या मेसेजमध्ये ‘टू मी’ची बहुतेक वेळा गरजच नसते. ‘कुड यू एक्सप्लेन धिस एरर?’ पूर्ण आहे. ‘एनी सजेशन्स?’ पूर्ण आहे. ‘प्लीज कन्फर्म’ पूर्ण आहे. ‘टू मी’ कामाला येतं ते इतरांपासून वेगळं करायचं असेल तेव्हा, म्हणजे ‘त्याला सांगितलंस, आता मलाही सांग’ अशा वेळी. आणि समजावायची गोष्ट लांबलचक असेल तर ‘टू मी’ आधी घेता येतं: ‘एक्सप्लेन टू मी व्हाय द बिल्ड फेल्स ऑन्ली ऑन मंडेज’. एवढी लांब शेपूट संपल्यावर शेवटी ‘टू मी’ आलं तर वाचणारा थांबून मागे बघतो.

पण मॅडमना ‘सजेस्ट व्हॉट टू डू’ही पटलं नाही. चूक नाही, पण पोकळ आहे, म्हणाल्या. काय करायचं हे तू विचारतोयस, पण तुझ्या मनात काय आहे? मी म्हटलं, सर्व्हर रिस्टार्ट करावा की डेटाबेस टीमची वाट बघावी, हेच कळत नाही. ‘मग हेच लिही.’ शेवटी मेसेज असा झाला: ‘हाय, वुई हॅव बीन गेटिंग अ ५०४ ऑन द पेमेंट पेज सिन्स ११. शुड आय रिस्टार्ट द सर्व्हर ऑर वेट फॉर द डेटाबेस टीम?’ यात ‘एक्सप्लेन’ही नाही, ‘सजेस्ट’ही नाही, ‘रिक्वेस्ट’ही नाही. चुकायची जागाच उरली नाही. उत्तर चार मिनिटांत आलं: ‘वेट.’

‘सजेस्ट’ची अजून एक खोड मागाहून लक्षात आली. झालेली गोष्ट सांगताना ‘ही सजेस्टेड मी टू क्लिअर द कॅश’ असं निसटतं. इथे ‘मी टू’ चालत नाही. ‘ही सजेस्टेड क्लिअरिंग द कॅश’ म्हणा. आणि ‘मला’ सुटतच नसेल तर क्रियापद बदला, ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू’ किंवा साधं ‘ही टोल्ड मी टू’. या दोघांना ‘मी’ हवाच असतो. वाक्य उसवत बसण्यापेक्षा क्रियापद बदलणं घाईच्या चॅटमध्ये सोपं पडतं.

एक मात्र खरं की आपल्याआपल्यात हे कोणी धरत नाही. पुण्यातल्या टीमच्या ग्रुपवर ‘प्लीज एक्सप्लेन मी’ आलं तरी सगळ्यांना बरोबर कळतं, तिथे दुरुस्त्या करत बसणारा माणूस नकोसा होतो. मी तसा झालो होतो काही दिवस, मित्रांनी सांगितल्यावर थांबलो. तरी ‘कन्फर्म मी’बद्दल मी नवीन पोरांना अजून टोकतो, कारण भारतीय ऑफिसात ‘कन्फर्म’ होणं म्हणजे प्रोबेशन संपून कायम होणं. मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका मुलाने रजेची तारीख पक्की करायला एचआरला दोनच शब्द पाठवले, ‘प्लीज कन्फर्म मी’. उत्तर आलं: ‘सहा महिन्यांनी बघू.’