नावात वार घाला: गावातल्या मासिक मैफलीचं बारसं करण्याआधी

नाव छोटं हवं, उच्चारायला सोपं हवं, शेजारच्या गावात तेच नसावं. एवढं तुम्हालाही कळतं, पुढे जाऊ.

नावात वार घाला. मागच्या वेळी आम्ही 'शब्दांकुर' ठेवलं. कानाला गोड, पण कार्यक्रम कधी ते त्यातून कळेना, आणि तारीख आम्ही दर महिन्याला सोयीने ठरवायचो. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या गावचे ढोलकीवाले काका आठ दिवस उशिरा आले. ढोलकी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, समाजमंदिराला कुलूप. ते पुन्हा आलेच नाहीत.

नागपुरात पाहा: इतवारी, बुधवारी, मंगळवारी. बाजाराचा वार वस्तीचं नाव झाला आणि तोंडात बसला. तेच करा. पण नुसतं 'शुक्रवारी' म्हणाल तर लोक दर शुक्रवारी येऊन परत जातील. म्हणून आमचं नवं नाव 'पहिली शुक्रवारी'. पहिला शुक्रवार १ ते ७ तारखेतच येतो, भिंतीवरच्या कॅलेंडरात कुणालाही सापडतो.

वार कोणता, हे नावाआधी ठरवा. गुरुवारी गजानन महाराजांचं भजन, शनिवारी मारुतीचं; खंजिरी-पेटीवाले त्या दोन्ही दिवशी अडकलेले. गावच्या बाजाराच्या दिवशी दुकानदार थकून जातात. आमच्याकडे शुक्रवार उरला, तुमच्याकडे दुसरा उरेल.

नावात 'काव्य' नको. भजनी मंडळाला वाटतं हे मास्तर लोकांचं काम, आपण कशाला जायचं. 'संगीत' घातलं तर वऱ्हाडी कविता लिहिणारी पोरं वही घरीच ठेवतात. वार दोघांचाही असतो. देणगीदाराचं नाव तर मुळीच नको. पुढच्या निवडणुकीत अर्धं गाव यायचं बंद होईल.

मग पारख करा. दोन वेगवेगळ्या गावांतल्या दोघांना फोनवर नाव एकदाच सांगा, जास्त काही बोलू नका. आठ दिवसांनी विचारा, "कधी हाये बापा ते?" उत्तर आलं तर नाव चाललं. "काहीतरी शब्द-बिब्द होतं" असं आलं तर बदला, फ्लेक्स छापायच्या आधी बदला.

फ्लेक्सवर तारीख टाकू नका. नाव, जागा, संध्याकाळी ८. तोच फ्लेक्स वर्षभर चालतो. ग्रुपचं नावही तेच, अक्षरन् अक्षर.

आणि एकदा वार नावात घातला की हलवू नका. ऑक्टोबरात सोयाबीनच्या सवंगणीत सहाच माणसं येतील, तरी त्याच शुक्रवारी सतरंजी टाका. पाहुणा कवी पुढच्या आठवड्यात मोकळा आहे म्हणून सरकवू नका. एकदा सरकवलं की नाव खोटं पडतं, आणि कुलूप पाहून परत गेलेला माणूस पुढच्या महिन्यात येत नाही.

चहा, माईक, सतरंज्या: नेहमीचंच.